बीएमआय, उतारवयातील

वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी १८.५ ते २४.९ हा टप्पा निरोगी मानते. भारतीयांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये वरची मर्यादा २२.९ वर आणली. पासष्टीनंतर मात्र हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये ६५ वर्षांवरील सुमारे दोन लाख लोकांवरील ३२ अभ्यास एकत्र तपासले. सर्वांत कमी मृत्यू २७.५ च्या आसपास आढळले. २३ च्या खाली धोका वाढत गेला आणि वरच्या बाजूला तो ३३ नंतरच ठळकपणे चढला.

याचे मुख्य कारण म्हणजे शरीरातील शिल्लक. न्यूमोनिया झाला किंवा खुब्याचे हाड मोडले की भूक मरते, आणि शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून गरज भागवते. तरुणपणी ही झीज भरून निघते, म्हातारपणी बरेचदा निघत नाही. ज्याच्या अंगावर थोडे जास्त आहे, तो अशा आजारपणात तग धरतो. शिवाय वजनाच्या भाराने हाडे घट्ट राहतात आणि पडल्यावर खुब्याभोवतीची चरबी धक्का झेलते.

मणके दबून उंची घटते, त्यामुळे आकडा फसवाही ठरतो. समजा, एका बाईंची उंची चाळिशीत १५४ सेंटिमीटर होती, बहात्तराव्या वर्षी ती १४९ झाली, वजन तेवढेच, ५२ किलो. बीएमआय २१.९ वरून २३.४ वर गेला, पण अंगावर काहीच चढलेले नाही. उलट स्नायू कमी होऊन चरबी वाढलेली असू शकते. आजारपणात त्यांचे चार किलो उतरले, तर आकडा २१.६ दिसेल. तक्त्यात तो उत्तम ठरतो, पण जवळजवळ आठ टक्के वजन गेलेले असते.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. आधीच जडलेल्या आजाराने माणूस वाळतो आणि मग मृत्यूचा दोष कमी वजनावर येतो. संशोधक सुरुवातीच्या वर्षांतील मृत्यू वगळून हा परिणाम कमी करतात, पण तो पूर्ण जात नाही. हे अभ्यास बहुतांश पाश्चात्त्य लोकांवरचे असल्याने २७.५ हा आकडा भारतीयांनी ध्येय म्हणून धरू नये. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, ही आपल्याकडे नेहमी दिसणारी ठेवण कोणत्याही वयात घातकच.

म्हणून घरातल्या वृद्धांचे वजन महिन्यातून एकदा त्याच काट्यावर करून लिहून ठेवावे. बांगड्या सैल झाल्या, पोटरी बारीक दिसू लागली किंवा सहा महिन्यांत न ठरवता पाच टक्के वजन उतरले, तर बीएमआय कितीही असो, डॉक्टरांना दाखवावे.