बिटकॉइनचा व्यवहार पुष्टीविना अडकल्यास : शुल्क, प्रतीक्षा आणि पर्याय

बिटकॉइन पाठविल्यानंतर वॉलेटच्या पडद्यावर बराच काळ 'अपुष्ट' अशी नोंद दिसत राहिली, की रक्कम बुडाल्याची शंका पाठविणाऱ्याच्या मनात येते. प्रत्यक्षात असा व्यवहार बहुधा प्रतीक्षेत असतो. या काळात घाईने उचललेले चुकीचे पाऊलच अधिक नुकसानकारक ठरू शकते.

प्रतीक्षा कशामुळे?

पाठविलेला व्यवहार प्रथम जाळ्यातील संगणकांच्या प्रतीक्षायादीत जातो. या यादीला मेमपूल म्हणतात. मायनर म्हणजेच खाणकाम करणारे तेथून व्यवहार निवडून ब्लॉकमध्ये नोंदवितात आणि ही नोंद म्हणजेच पहिली पुष्टी होय. नवा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी तयार होतो. मात्र हे अंतर निश्चित नसते. दोन ब्लॉकमध्ये तासाभराहून अधिक खंड पडणे, ही सरासरी तीन दिवसांतून एकदा घडणारी बाब आहे. त्यामुळे पहिल्या तासातील विलंब हा बिघाड मानता येत नाही.

ब्लॉकमधील जागा मर्यादित असल्याने मायनर सामान्यतः जागेच्या एककामागे अधिक शुल्क देणारे व्यवहार आधी घेतात. हा दर वॉलेटमध्ये sat/vB असा दिसतो. सातोशी हा बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग होय. शुल्क पाठविलेल्या रकमेवर नव्हे, तर व्यवहाराने व्यापलेल्या जागेवर अवलंबून असते. पूर्वी मिळालेल्या अनेक लहान रकमा एकत्र करून पाठविलेला व्यवहार म्हणूनच महाग पडतो.

गर्दी वाढली की दर झपाट्याने चढतात. २० एप्रिल २०२४ रोजी ८,४०,००० क्रमांकाचा ब्लॉक तयार झाला, तेव्हा नव्या बिटकॉइनचे बक्षीस निम्म्यावर येऊन ३.१२५ झाले. त्याच वेळी 'रून्स' ही टोकनप्रणाली सुरू झाल्याने जागेसाठी चुरस लागली आणि त्या एकाच ब्लॉकमध्ये ३७ बिटकॉइनहून अधिक शुल्क जमा झाले. त्याआधी कमी दराने पाठविलेले व्यवहार साहजिकच मागे पडले.

शुल्क वाढविण्याचा मार्ग

समजा, एका नेहमीच्या व्यवहाराचा आकार १४१ एकके आहे आणि दर ५ ठेवला आहे. शुल्क ७०५ सातोशी झाले. नंतर गर्दी वाढून पुढील ब्लॉकसाठी ४० चा दर आवश्यक ठरला.

अशा वेळी पाठविणारा त्याच नाण्यांचा, परंतु अधिक शुल्काचा नवा व्यवहार प्रसृत करू शकतो. अनेक वॉलेटमध्ये यासाठी शुल्क वाढविण्याची सोय असते. ४० च्या दराने एकूण शुल्क ५,६४० सातोशी होईल. जुन्या व्यवहाराची जागा नवा व्यवहार घेत असल्याने आधीचे ७०५ सातोशी वेगळे द्यावे लागत नाहीत.

दुसरा मार्ग रक्कम स्वीकारणाऱ्याच्या हाती असतो. अद्याप अपुष्ट असलेली रक्कम तो आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर अधिक शुल्क देऊन पाठवू शकतो. पहिला व्यवहार नोंदविल्याखेरीज दुसरा नोंदविता येत नसल्याने मायनर दोन्हींचा एकत्रित विचार करतात. दुसरा व्यवहार ११० एककांचा असल्यास एकूण २५१ एककांसाठी ४० च्या दराने १०,०४० सातोशी लागतील. त्यातील ९,३३५ दुसऱ्या व्यवहाराने द्यावे लागतात. हा मार्ग महाग असला, तरी मूळ व्यवहार बदलता येत नसेल तेव्हा उपयोगी पडतो. पाठविणाऱ्याला स्वतःकडे सुटे परत येत असल्यास, त्या रकमेवर त्यालाही हाच उपाय करता येतो.

एक्सचेंजमधून रक्कम काढली असल्यास नाण्यांची किल्ली ग्राहकाकडे नसते. तेव्हा मूळ शुल्क केवळ एक्सचेंजच वाढवू शकते. ग्राहकाने रक्कम स्वतःच्या वॉलेटमध्ये मागविली असेल, तरच दुसरा मार्ग त्याला खुला राहतो.

थांबणे आणि सावधगिरी

घाई नसल्यास थांबणे हाही पर्याय आहे. गर्दी ओसरली की कमी दराचे व्यवहारही मार्गी लागतात. 'बिटकॉइन कोअर' या प्रचलित प्रणालीत अपुष्ट व्यवहार साधारणतः १४ दिवसांनी यादीतून वगळला जातो. यादी भरल्यास त्याआधीही. मात्र वगळलेला व्यवहार रद्द झालेला नसतो. तो कोणीही पुन्हा प्रसृत करू शकतो.

म्हणूनच पहिला व्यवहार अडकला असे समजून दुसऱ्या नाण्यांतून तीच रक्कम पुन्हा पाठवू नये. कालांतराने दोन्ही व्यवहार पुष्ट होऊन दुप्पट रक्कम जाऊ शकते आणि ती स्वीकारणाऱ्याच्या संमतीविना परत मिळत नाही. पहिला व्यवहार खरोखर रद्द करावयाचा असल्यास त्याचीच नाणी अधिक शुल्काने स्वतःच्या पत्त्यावर पाठवून त्या नव्या व्यवहाराच्या पुष्टीची वाट पाहावी लागते.

व्यवहाराची स्थिती पाहण्यासाठी त्याचा ओळखक्रमांक पुरेसा असतो. अडकलेला व्यवहार सोडवून देण्याच्या नावाखाली वॉलेटचे गुप्त शब्द किंवा खासगी किल्ली मागणाऱ्यास ती कदापि देऊ नये. शुल्क वाढविण्यासाठी ती दुसऱ्या कोणाला देण्याची गरज नसते.