माव की भाव? : एका बाडाची नक्कल करताना

जुन्या कीर्तनकारांच्या घरी अजून बाडे सापडतात. आखूड बाजूने शिवलेली, लांबट पानांची, वर उघडणारी ही वही म्हणजे कीर्तनकाराची शिदोरी. निरूपणाला लागणारे अभंग, पदे, ओव्या तो तीत उतरवून ठेवी आणि पुढची पिढी त्यांत आपली भर घाली. गेली दोन वर्षे मी असेच एक 112 पानांचे बाड उतरवून घेतो आहे. त्यावर लेखनकाळ नोंदलेला नाही. हस्ताक्षरे मात्र तीन आहेत. त्यातल्या एका अभंगाची कथा येथे सांगायची आहे, कारण बाडाची नक्कल म्हणजे नेमके काय, हे तीवरून स्पष्ट होते.

आपल्याला छापील अभंग पाहायची सवय असते : एकाखाली एक ओळी, शब्दाशब्दांत अंतर. बाडात यातले काहीच नसते. शिरोरेषा पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग जाते आणि जागा संपली की शब्द मधेच तुटतो. कडवे संपल्याची खूण म्हणजे दोन दंड आणि आकडा. म्हणून मी प्रत्येक पानाच्या दोन नकला करतो. पहिली अक्षरशः : बाडातली ओळ जिथे संपते तिथेच माझीही ओळ संपते, ऱ्हस्वदीर्घ जसेच्या तसे, ‘ख’च्या जागी ‘ष’ लिहिला असेल तर ‘ष’च. दुसरी पद्याची : तीत चरण पाडायचे आणि शब्द सुटे करायचे. पहिली नकल पुरावा असते, दुसरी माझे वाचन. दोन्ही एकत्र केल्या तर लेखकाने काय लिहिले आणि मी काय समजलो, हे पुढच्या अभ्यासकाला वेगळे करता येत नाही.

शब्द सुटे करणे वाटते तितके निरुपद्रवी नाही. एके ठिकाणी ‘कामनाही’ अशी चार अक्षरे आहेत. ती ‘काम नाही’ अशी तोडली तर वासना सरल्याचे विधान होते. ‘कामना ही’ अशी तोडली तर नेमका उलटा सूर लागतो. मोठ्या अभंगाच्या कडव्यात पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे आणि शेवटचा चारांचा असतो. ही चार अक्षरे त्या शेवटच्या चरणात दोन्ही रीतींनी बसतात, म्हणजे छंद येथे निवाडा करत नाही. अशा जागी मी एक वाचन वर घेतो आणि दुसरे तळटीपेत देतो.

मांडणीत आणखी एक मोह आवरावा लागतो. अशा बाडांत पहिल्या कडव्यानंतर ॥१॥ येतो, दुसऱ्यानंतर ॥ध्रु॥, आणि तिसऱ्यानंतर ॥२॥. आजच्या डोळ्याला हा गोंधळ वाटतो आणि ध्रुपद सर्वांत वर नेऊन आकडे सरळ लावावेसे वाटतात. पण ते कडवे घोळवून म्हणायचे आहे, ही गाण्याची सूचना त्या खुणेत आहे. शेवटी ॥४॥३७॥ असे दोन आकडे आले तर पहिला कडव्याचा आणि दुसरा अभंगाचा अनुक्रमांक असतो. हे आकडे ‘सुधारले’ तर मधले एखादे कडवे गळले आहे का, हे ओळखायचे साधनच हातचे जाते.

आता मूळ कथा. हा अभंग बाडात दोनदा आला आहे, पान 14 वर आणि पान 61 वर. अक्षरे दोन वेगळ्या हातांची आहेत. पान 61 वर, ध्रुपदाच्या दुसऱ्या चरणात, ‘भाव ओळखावा’ असे स्वच्छ वाचता येते. ज्यांच्याकडे हे बाड आहे ते घर आजही हा अभंग असाच म्हणते, आणि ‘भाव’ या शब्दावर त्यांच्याकडे पिढीजात निरूपण आहे. पान 14 वर मात्र मला ‘माव ओळखावी’ असे दिसले. माव म्हणजे माया, भुलवणी. जुन्या मराठीत हा शब्द चांगला चालता होता; आता तो विसरला गेला आहे.

म आणि भ हाताच्या लिखाणात एकमेकांसारखे दिसतात, म्हणून पहिला प्रश्न होता तो नजर फसल्याचा. त्यावर उपाय एकच : त्याच हाताची निर्विवाद अक्षरे गोळा करणे. ‘मन’, ‘राम’, ‘नाम’ यांतले दहा म आणि ‘भक्त’, ‘लाभ’, ‘भेटी’ यांतले दहा भ मी ट्रेसिंग कागदावर उतरवून शेजारी शेजारी ठेवले. या लेखकाच्या भ ला डावीकडे स्पष्ट आकडी आहे, म ला बारीक गाठ. पान 14 वरच्या अक्षराला गाठ होती.

पण त्यावरून एवढेच ठरते की पहिल्या हाताने ‘माव’ लिहिले. मूळ शब्द कोणता, हे त्यावरून ठरत नाही. त्याचे उत्तर पान 61 नेच दिले. भिंग घेऊन पाहिले तर ‘ओळखावा’च्या शेवटच्या अक्षरावर पिवळट डाग दिसतो. तो हरताळ. चुकलेले अक्षर झाकायला लेखक ही पिवळी पूड फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. येथे हरताळाने फक्त वेलांटीचा वरचा वळसा झाकला आहे. वळसा गेला की ‘वी’चा ‘वा’ होतो, नवे काही लिहावे लागत नाही. म्हणजे दुसऱ्या हाताने आधी ‘भाव ओळखावी’ असे लिहिले होते. भाव पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. अनोळखी ‘माव’ त्याने परिचयाच्या ‘भाव’मध्ये बदलली, पण क्रियापद समोरच्या प्रतीतले तसेच उतरले. नंतर कोणाला तरी ते खटकले आणि त्याने लिंग जुळवून घेतले.

चरण पाडून लिहिल्यावर उरलेला दुवा हाती आला. मोठ्या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. तिसऱ्या चरणाच्या शेवटी दोन्ही पानांवर ‘वी’ आहे. हरताळ लावणाऱ्याने व्याकरण सांभाळले, पण यमक मोडले. सलग शिरोरेषेत हे नजरेत भरत नाही. ओळी एकाखाली एक मांडल्या की लगेच दिसते.

येथे अनोळखी शब्दच मूळचा ठरला, म्हणून तो नेहमीच मूळचा असतो असे नाही. अनवट दिसणारा शब्द निव्वळ लेखनदोषही असू शकतो. ‘माव’च्या बाजूने लिंग आणि यमक असे दोन स्वतंत्र पुरावे उभे राहिले, म्हणून मी तो वर घेतला. नुसते म चे वळण असते तर दोन्ही पाठ तोलामोलाचे म्हणून नोंदवले असते.

विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्याने तुकोबांच्या गाथेचा पहिला भाग 1869 साली सिद्ध केला, तेव्हा निरनिराळ्या गावच्या प्रती ताडून वेगळे पाठ तळटीपांत दिले होते. त्याच वाटेने माझी टीप अशी आहे : ‘माव ओळखावी, पान 14. भाव ओळखावा, पान 61. मूळ लेखन भाव ओळखावी, वेलांटीवर हरताळ. घराण्याच्या गायनात भाव.’

शेवटच्या तीन शब्दांबद्दल मला विचारणा झाली. चुकीचा पाठ ठरला तर तो नोंदवायचा कशाला? आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न दुसऱ्या बाजूने होता : आम्ही इतकी वर्षे चुकीचे म्हटले का? दोघांनाही माझे उत्तर एकच आहे. ‘माव’ हा त्या अभंगाचा जुना शब्द आहे आणि ‘भाव’ हा त्या घराचा इतिहास आहे. कोणी तरी लिहिताना तो शब्द बदलला, कोणी तरी हरताळाने तो सावरून घेतला, आणि पुढे श्रोते त्यावर डोलले. नुसता एक शब्द छापला असता तर यातले काहीच उरले नसते.