मधल्या नंबराची कुळकथा

जेवण मागवलं की थोड्या वेळाने रायडरचा फोन येतो. पडद्यावर बहुधा लँडलाइनसारखा दिसणारा एखादा नंबर उमटतो, पलीकडे मात्र माणूस दुचाकीवर असतो आणि त्याच्या हातात मोबाइल असतो. तुम्ही उलट फोन केलात तर त्यालाही तुमचा नंबर दिसत नाही. ग्राहकाच्या आणि चालकाच्या सुरक्षिततेसाठी हे केलं आहे, असं कंपन्या सांगतात, आणि ते खोटं नाही. पण हे तंत्र त्यासाठी जन्माला आलं नाही. दलालाला आपली दलाली सुरक्षित ठेवायची होती आणि झालेल्या बोलण्याचा हिशोब हवा होता, त्यातून ते घडलं. सुरक्षितता त्याच्या अंगी नंतर आली, आणि या जन्मकथेच्या खुणा आजच्या नंबरावरही ओळखू येतात.

याचा कागदी पूर्वज मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिरातीखाली पत्त्याऐवजी बॉक्स नंबर असे. उत्तरं वर्तमानपत्राच्या कचेरीत जात आणि तिथून जाहिरातदाराकडे पोचत. टेलिफोनच्या बाबतीत मात्र अशा आडोशाची गरज बराच काळ भासली नाही, कारण कोणाचा फोन आला हे उचलल्याशिवाय कळतच नसे. फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारी सोय अमेरिकेत 1987 च्या सुमारास न्यू जर्सीत सुरू झाली आणि लगेच वाद पेटला, कारण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आसऱ्याला गेलेल्या बाईने घरी फोन केला तर ती कुठे आहे हे त्याला कळणार होतं. कॅलिफोर्नियात या वादापायी ही सोय 1996 पर्यंत आलीच नाही. भारतात मोबाइल आला तो नंबर दाखवतच आला, त्यामुळे आपल्याकडे हा वाद फारसा झाला नाही. त्याचा हिशोब पुढे चुकता करावा लागला.

फोनवरचा पडदा धंद्याला लागला तो सल्ला विकणाऱ्यांकडे. सॅन फ्रान्सिस्कोत 1999 मध्ये कीन नावाची सेवा सुरू झाली. घरी बसलेल्या जाणकारांनी फोनवर सल्ला द्यायचा आणि मिनिटामागे पैसे घ्यायचे, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात भविष्य सांगणाऱ्यांचाच धंदा जोरात चालला, हा भाग वेगळा. दोघांना एकमेकांचे नंबर मिळाले असते तर दुसऱ्या वेळी त्यांनी परस्पर बोलून पैसे चुकते केले असते आणि कंपनी बाजूला पडली असती. म्हणून कंपनी दोन्हीकडे आपणच जोडणी करायची आणि मिनिटं मोजायची. याच कंपनीने 2004 मध्ये इंजेनियो या नव्या नावाने, येणाऱ्या प्रत्येक फोनमागे पैसे घेणाऱ्या जाहिराती आणल्या. जाहिरातीत दुकानाचा स्वतःचा नंबर न छापता मधला नंबर छापायचा, म्हणजे त्या जाहिरातीमुळे किती फोन आले हे मोजता येतं. इथे मधला नंबर म्हणजे सरळ सरळ मीटर आहे. खाजगीपणाचा त्याच्याशी संबंध नाही.

हे चालतं कसं ते एकदा जवळून पाहावं लागतं, कारण या नंबराचे बरेचसे गुणदोष त्याच्या बांधणीतूनच येतात. तुमचा खरा नंबर कोणी झाकतं असं होतच नाही. तुमचा फोन कंपनीच्या यंत्रणेपाशी येऊन थांबतो, यंत्रणा तिथून रायडरला दुसरा, अगदी वेगळा फोन लावते आणि दोन्ही फोन एकमेकांना जोडून देते. दुसरा फोन यंत्रणेने केलेला असल्यामुळे रायडरला दिसतो तो तिचाच नंबर. म्हणजे प्रत्येक बोलण्यात दोन लाइन गुंततात. टेलिफोन कंपनीकडून घेतलेल्या पीआरआय नावाच्या नेहमीच्या जोडणीत 30 लाइन असतात, म्हणजे तिच्यावर एका वेळी अशी फक्त 15 बोलणी होऊ शकतात. ऐन जेवणाच्या वेळी फोन लागत नाही तेव्हा बऱ्याचदा रायडरचा मोबाइल मोकळाच असतो, मधल्या लाइन भरलेल्या असतात.

लाइन पुष्कळ लागतात, नंबर मात्र थोडेच पुरतात, आणि या यंत्रणेतली खरी चतुराई तीच आहे. समजा, पुण्यात एका रायडरकडे दोन ऑर्डर आहेत, एक कर्वे रस्त्यावरची आणि दुसरी प्रभात रस्त्यावरची. पहिल्या जोडीला 01 ने संपणारा नंबर दिला. दुसऱ्या जोडीत तोच रायडर आहे, म्हणून तिला 02 द्यावा लागतो. आता प्रभात रस्त्यावरच्या बाईंनी त्याच ॲपवरून औषधंही मागवली आहेत आणि ती दुसरा रायडर आणतो आहे. या तिसऱ्या जोडीला 01 पुन्हा देता येतो, कारण या दोघांपैकी कोणाकडेच 01 चालू नाही. एकच नंबर एकाच वेळी दोन जोड्यांना मिळाला तरी घोटाळा होत नाही, कारण कोणता नंबर फिरवला याच्या जोडीने यंत्रणा कोणी फिरवला हेही पाहते आणि त्या दोहोंवरून पलीकडचा माणूस ठरवते. म्हणून किती नंबर लागतील हे शहरातल्या ऑर्डरींवर ठरत नाही. ते ठरतं एका माणसाकडे जास्तीत जास्त किती ऑर्डरी चालू असतील यावर. रायडरकडे चार आणि ग्राहकाकडे तीन ही मर्यादा धरली, तर नवी जोडी जुळवताना रायडरकडे फार तर तीन नंबर अडकलेले असतात आणि ग्राहकाकडे दोन. पाच वापरात असले तरी सहावा मोकळा असतोच. हिशोबाने अख्ख्या पुण्याला सहा नंबर पुरतात. प्रत्यक्षात जास्त ठेवतात, कारण ऑर्डर पोचल्यावरही नंबर थोडा वेळ राखून ठेवणं बरं असतं.

या बांधणीचे तोटेही याच मुळातून येतात. ऑर्डर आईने स्वतःच्या मोबाइलवरून दिली आणि फोन मुलाने आपल्या मोबाइलवरून केला, तर कोणी फिरवला या प्रश्नाचं उत्तर यंत्रणेच्या वहीत सापडत नाही आणि फोन तिथेच संपतो. रायडरने दुसऱ्या सिमवरून फोन लावला तरी तेच होतं. यावर उपाय म्हणून काही पार्सलवाले नंबरासोबत एक पिनही पाठवतात. तो दाबला की फोन कोणीही करो, जोडी ओळखता येते. तुमच्या फोनच्या यादीत राहिलेला मात्र कालचा मधलाच नंबर असतो, आणि आज तुमच्यासाठी तो कोणाशीच जोडलेला नसेल किंवा नव्या ऑर्डरीच्या दुसऱ्याच रायडरशी जोडलेला असेल.

फोन जोडण्याची ही यंत्रणा पूर्वी स्वतः उभारावी लागे. ती भाड्याने मिळू लागली तेव्हा हे तंत्र सर्वत्र पसरलं. अमेरिकेत 2008 मध्ये स्थापन झालेल्या ट्विलिओने फोन लावणं आणि जोडणं ही कामं प्रोग्रॅमच्या चार ओळींत आणून ठेवली. उबर तिचं मोठं गिऱ्हाईक झालं. 2017 च्या पहिल्या तिमाहीत ट्विलिओच्या उत्पन्नातला सुमारे 12 टक्के वाटा एकट्या उबरचा होता, अर्थात त्यात संदेशही आले. उबर आपला वापर कमी करणार हे त्या वर्षी मे महिन्यात जाहीर होताच ट्विलिओचा शेअर कोसळला. भारतात एक्झोटेलसारख्या कंपन्यांनी हेच काम टेलिफोन खात्याच्या इथल्या नियमांत बसवून दिलं.

इथे पहिला आक्षेप येतो. दलाली बुडू नये म्हणूनच नंबर लपवला असेल, तर तो अगदीच पोकळ उपाय आहे. रिक्षावाला उतरताना म्हणतोच, "साहेब, माझा नंबर घेऊन ठेवा, परत लागलं तर फोन करा." त्याला कोण अडवणार? कोणीच नाही. पण आपणहून मागून घेतलेला नंबर आणि प्रत्येक फेरीनंतर आपोआप फोनमध्ये राहणारा नंबर यांत फार अंतर आहे. विचारावं लागतं, एवढ्या अडचणीनेच शंभरातले बरेच जण ॲपवरच थांबतात, आणि दलालाला तेवढं पुरतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बिर्याणी पोचवणाऱ्याशी परस्पर संधान बांधून ग्राहकाला काय मिळणार? स्वयंपाकघर काही त्याचं नसतं. तरीही जेवणाची ॲप्स नंबर लपवतात, म्हणजे सगळं दलालीवर ढकलता येत नाही. हे मला मान्य आहे, आणि सुरक्षिततेचं कारण खरं ठरतं ते इथेच. आपल्याकडे मोबाइल नंबर हाती आला की व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो, पैसे पाठवायला गेलं की नाव दिसतं, आणि रायडरला तर दारही माहीत असतं. उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर 50 पासून 500 रुपयांपर्यंत विकले जात असल्याची बातमी हिंदुस्थान टाइम्सने 2017 मध्ये दिली होती. ती मुलगी दिसायला कशी आहे यावर भाव ठरे. रिचार्जसाठी नंबर सांगण्यावाचून तेव्हा गत्यंतर नव्हतं, तसंच डिलिव्हरीसाठीही नाही. काम झाल्यावर आपोआप मरणारा नंबर हे त्यावरचं चांगलं औषध आहे. रात्री अकराला तुसड्या गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणाऱ्या रायडरलाही त्याचा तेवढाच उपयोग आहे.

तरी हा पडदा उभा आहे तो दोन माणसांच्या मध्ये. दलालाच्या बाजूने तो उघडाच आहे. कोणी कोणाला किती वाजता फोन केला, किती सेकंद बोलणं झालं, रायडरने खरंच फोन केला होता की नुसतंच "ग्राहक उचलत नाही" असं लिहून ऑर्डर रद्द केली, हे सगळं मधल्या यंत्रणेत नोंदलं जातं, आणि तिला बोलणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर तांत्रिक अडचण काहीच नाही. यातल्या नोंदी तंट्याच्या वेळी रायडरच्याही कामी येऊ शकतात, पण त्या त्याच्या हातात नसतात. उबरने 2018 मध्ये ॲपमधूनच इंटरनेटवर बोलण्याची सोय दिली. त्यात नंबर लागतच नाही, नोंद मात्र कंपनीकडेच राहते. नंबर गेला तरी मीटर तसंच चालू राहिलं, यावरून या तंत्राचा मूळ गाभा कोणता हे ठरवता येतं.

मधला नंबर असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्या नोंदी किती दिवस ठेवतात, त्या कोण पाहतं आणि तंटा झाला तर रायडरला व ग्राहकाला त्या मिळतात का, हे प्रत्येक ॲपने साध्या मराठीत आधीच सांगितलं पाहिजे. तोवर वाचकांनी एवढं करावं: ऑर्डर ज्या मोबाइलवरून दिली त्यावरूनच फोन करावा, आणि रिक्षात छत्री विसरली तर कालच्या नंबरावर फोन न लावता ॲपमधल्या मदतीच्या पानावरून चालकाशी संपर्क साधावा. कालच्या नंबरावर आज फोन तिथेच संपेल, नाहीतर भलत्याच चालकाला लागेल.