फुटलेले ओठ, ओठांवरील हर्पिसचे फोड आणि ओठांवरील काळे डाग : छायाचित्रांवरून ओळख

फुटलेले ओठ, हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे ओठांवर उठणारे फोड आणि ओठांवरील काळे डाग ह्या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत. मात्र जवळून काढलेल्या छायाचित्रात त्यांची गल्लत होऊ शकते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत कोरडी हवा, उन्हातील शेतीकाम आणि ओठाआड तंबाखूचा बार धरण्याची सवय ह्यांचा ओठांवर एकत्रित परिणाम होतो. त्यामुळे ह्या भागात केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे विशेष फसवे ठरते. छायाचित्रात आधी पृष्ठभाग पाहावा, मग कडा आणि सर्वांत शेवटी रंग.

ओळखण्याच्या खुणा

कोरडेपणामुळे ओठ फुटतात (मराठवाड्यात ‘ओठ उलतात’ असेही म्हणतात) तेव्हा बहुधा संपूर्ण ओठावर उभ्या बारीक भेगा आणि सुटत चाललेले पापुद्रे दिसतात. ओठ चाटण्याची सवय असल्यास ओठांबाहेरच्या त्वचेवरही लालसर वलय उमटते. केवळ तोंडाचे कोपरे चिरलेले असतील, तर त्यामागे बुरशीचा संसर्ग किंवा लोह वा ब जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

हर्पिसचे फोड सहसा एका बाजूला, ओठ आणि त्वचा जिथे मिळतात त्या रेषेवर, झुबक्याने येतात. पुन्हा उद्भवल्यास ते बहुधा त्याच जागी येतात. ताप, कडक ऊन किंवा मासिक पाळी ही निमित्ते ठरतात. तापानंतर असे फोड आल्यास ‘उष्णता बाहेर पडली’ असे म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात चेतातंतूंच्या गाठीत सुप्त असलेला विषाणू पुन्हा सक्रिय झालेला असतो. नागीण हा निराळ्या विषाणूचा आजार होय.

काळा डाग सपाट असतो. तेथे भेग, पापुद्रा किंवा खपली नसते आणि ओठावरील नैसर्गिक रेषा त्यावरून अखंड जाताना दिसतात. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींत ओठांचा समान काळसरपणा हा बहुधा नैसर्गिक असतो. धूम्रपान व काही औषधांमुळेही रंग गडद होतो. विड्यातील काताचा डाग मात्र धुतल्यावर फिका पडतो.

एकाच आजाराची तीन रूपे

एकाच छायाचित्राची मर्यादा पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते. हरभऱ्याच्या काढणीच्या दिवसांत एखाद्या व्यक्तीच्या खालच्या ओठाच्या डाव्या कडेला चुणचुण सुरू झाली, असे समजू. पहिल्या दिवशीच्या छायाचित्रात केवळ किंचित सूज दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड स्पष्ट दिसतील. सहाव्या दिवशी ते फुटून पिवळसर खपली धरलेली असेल, आणि तेवढेच छायाचित्र पाहणाऱ्यास तो ओठ फुटल्याचा प्रकार वाटेल. दोन आठवड्यांनी खपली गळून तपकिरी डाग उरला, तर तोच काळा डाग म्हणून गणला जाईल. म्हणून दर एक-दोन दिवसांनी, त्याच अंतरावरून व प्रकाशात काढलेली छायाचित्रे आणि आधी चुणचुण झाली होती का ह्याची नोंद एकत्र पाहणे आवश्यक असते.

छायाचित्र काढताना

छायाचित्र खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश व चेहरा उजळणारे फिल्टर बंद ठेवून काढावे. लिपस्टिक आणि व्हॅसलिन आधी हलकेच पुसावे, कारण व्हॅसलिनची चमक पाण्याच्या फोडासारखी भासते. एक छायाचित्र ओठ मिटून आणि दुसरे खालचा ओठ बाहेर वळवून घ्यावे. बार धरण्याची जागा दुसऱ्यातच दिसते. ओठ बोटाला टणक लागतो का, हे मात्र कोणत्याही छायाचित्रात कळत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

साधे फुटलेले ओठ व्हॅसलिनने व चाटणे थांबवल्याने दोन-तीन आठवड्यांत सुधारतात. हर्पिसचे फोड बहुधा सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतात. विषाणूरोधक औषध चुणचुण सुरू होताच घेतल्यास अधिक उपयोगी पडते. घरात उरलेले स्टेरॉइडयुक्त मलम त्यावर लावू नये. त्याने संसर्ग पसरू शकतो. फोड असताना नवजात बाळाचा मुका घेणे कटाक्षाने टाळावे, कारण हा विषाणू त्याच्या जिवावर बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखणे, अंगावर फोड पसरणे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीला फोड येणे ह्या स्थितींत त्याच दिवशी तपासणी करावी.

तीन आठवड्यांत न भरणारी जखम, टणक गाठ, पांढरा चट्टा किंवा ओठाची पुसट झालेली कड दिसल्यास, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या किंवा वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्या व्यक्तीने, ओठ केवळ फुटला आहे असे मानू नये. ही कर्करोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची खूण असू शकते व तिच्या निदानासाठी तुकडा तपासावा लागतो. आकार बदलणारा किंवा वेड्यावाकड्या कडेचा काळा डागही दाखवावा. लहान मुलाच्या ओठांवर अनेक काळे ठिपके असून पोटात वारंवार कळा येत असतील, तर प्युट्झ-येगर्स ह्या आनुवंशिक विकाराची शक्यता तपासली जाते. अशा तपासणीसाठी नांदेडमध्ये विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत जाता येते.