सोर्स कोड एस्क्रो

सोर्स कोड एस्क्रो : सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, पुरवठादार व ग्राहक यांच्याखेरीज तिसऱ्या संस्थेकडे ठेव म्हणून ठेवण्याची करारबद्ध व्यवस्था. पुरवठादाराने धंदा बंद करणे, देखभाल सोडून देणे अशी करारात लिहिलेली घटना घडली की ही संस्था ठेव ग्राहकाच्या स्वाधीन करते. ग्राहकाच्या संगणकावर असतो तो केवळ चालणारा प्रोग्रॅम. त्याने काम करता येते, पण उद्या नियम बदलला तर प्रोग्रॅममध्ये तो बदल करता येत नाही.

भारतीय रिझर्व्ह बँकेचे २०२३ चे आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले माहिती-तंत्रज्ञानविषयक निर्देश याबाबत स्पष्ट आहेत. महत्त्वाच्या ॲप्लिकेशनचा सोर्स कोड पुरवठादाराकडून मिळवावा, तो मिळत नसेल तर एस्क्रो किंवा तशीच दुसरी व्यवस्था करावी आणि नंतरच्या सुधारणाही त्या ठेवीत येतील हे पाहावे, असे ते सांगतात. जिथे असा नियामक नाही तिथे सगळी भिस्त करारावर असते. खरी अडचणही तिथेच होते, कारण पुरवठादार बहुधा चार-पाच माणसांचा असतो आणि प्रोग्रॅम पुरता ओळखणारा त्यांतला एकच.

सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. समजा, रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ऊसनोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा आणि पंधरवड्याची ऊसबिले हे सगळे जवळच्या शहरातल्या एका छोट्या फर्मच्या सॉफ्टवेअरवर चालते. हंगामात दिवसाला तीनेकशे वाहने काट्यावर येतात. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. काटा हाताने लिहून एखादा दिवस निभावेल. पण सोसायटीची वसुली, तोडणी-वाहतूक, आगाऊ उचल या कपातींसह हजारो सभासदांची बिले हाताने काढणे आता कोणत्याही कारखान्याला झेपणार नाही. फर्मचा मालक डिसेंबरात अंथरुणाला खिळला, तर कारखान्याकडे काय उरते?

एस्क्रोचा करार असेल तर कारखाना म्हणेल, ठेव आहे. पण ठेवीत काय आहे हे उघडून पाहिलेले नसते. ठेवीची तपासणी तीन पायऱ्यांनी होते. पहिलीत फायली वाचता येतात का, यादीप्रमाणे आहेत का, एवढेच पाहतात. दुसरीत कोऱ्या संगणकावर, फर्मच्या माणसाने हात न लावता, केवळ ठेवीतल्या लेखी सूचनांवरून प्रोग्रॅम पुन्हा तयार करतात. तिसरीत तो चालवून निकाल ताडून पाहतात. बहुतेक करार पहिल्या पायरीवर थांबतात, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

आपल्या कारखान्याने दुसरी पायरी गाठली असे धरू. रिपोर्ट छापणाऱ्या विकत घेतलेल्या घटकाचा परवाना फर्मच्या नावावर असल्याने प्रोग्रॅम तयारच होत नाही. तो परवाना कारखान्याच्या नावाने घेतल्यावर पुढचा अडथळा येतो. काट्याच्या इंडिकेटरकडून वजन वाचणारा भाग फक्त तयार `.dll` फाइलच्या रूपात ठेवलेला असतो. तो पूर्वी एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने लिहिला होता आणि त्याचा सोर्स फर्मकडेही नाही. हे गाळप बंद असताना, जूनमध्ये कळले तर दुरुस्त करता येते.

तिसऱ्या पायरीवर सर्वांत उपयोगी युक्ती अशी : मागच्या हंगामातला एक पूर्ण झालेला पंधरवडा घ्यावा, त्याच्या वजनपावत्या नव्याने तयार केलेल्या प्रोग्रॅममध्ये भराव्यात आणि निघणारी बिले प्रत्यक्ष अदा झालेल्या बिलांशी रुपयापर्यंत जुळवावीत. नव्याने तयार केलेली फाइल जुन्या फाइलशी जशीच्या तशी जुळेल अशी अपेक्षा धरू नये. तयार होण्याची वेळसुद्धा फाइलमध्ये नोंदली जाते, म्हणून तुलना निकालांची करायची. समजा, एका गटाच्या बिलांत तफावत आली. शोध घेतल्यावर कळते, की हंगामाच्या घाईत फर्मच्या माणसाने कपातीचा नियम थेट कारखान्याच्या डेटाबेसमध्ये बदलला होता आणि तो मूळ कोडमध्ये कधी आलाच नाही. जागेवर केलेल्या अशा दुरुस्त्या छोट्या पुरवठादाराकडे नेहमीच्याच असतात. म्हणून प्रत्येक बदलानंतर ठराविक दिवसांत नवी ठेव जमा करणे ही देखभाल कराराची अट हवी, आणि तोपर्यंत वार्षिक देखभालीचा हप्ता, जो साधारणपणे परवान्याच्या किमतीच्या १५ ते २० टक्के असतो, रोखून धरण्याचा अधिकारही. एस्क्रो आणि देखभाल यांचे दोन वेगळे कागद करून ते दोन वेगळ्या विभागांकडे दिले, की ही साखळी तुटते.

ठेव केव्हा सुटायची, याची अट मोजता येईल अशी असावी. ‘सेवा असमाधानकारक असल्यास’ या शब्दांवर वाद होतो. तो लवादात गेला की हंगाम संपतो. ‘गाळप चालू असताना काटा किंवा बिले बंद पडल्याची लेखी तक्रार दिल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती सुरू न झाल्यास’ ही अट कोणालाही तपासता येते. पुरवठादाराला हरकत घेण्यासाठी दिलेली मुदतही याच हिशेबाने आखूड ठेवावी. फक्त दिवाळखोरीवर विसंबणे धोक्याचे आहे. केवळ त्या कारणावरून करार संपवण्याला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण अटकाव करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गुजरात ऊर्जा विकास निगमच्या खटल्यात मान्य केले. अमेरिकेत दिवाळखोर पुरवठादाराकडून घेतलेला परवाना टिकवण्याचा हक्क ग्राहकाला १९८८ पासून कायद्यानेच आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. शिवाय मालकी फर्मच्या बाबतीत मालकाचे आजारपण किंवा मृत्यू हीच बहुधा प्रत्यक्षात उतरणारी घटना असते, आणि ती कराराच्या मसुद्यात सापडत नाही. कॉपीराइट मालकाचा असेल, तर मृत्यूनंतर ६० वर्षे तो वारसांकडे राहतो, म्हणून त्यांनाही बांधील राहील असे कलम हवे.

कोड हातात येणे आणि तो वापरण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार परवाना लेखी हवा. शिवाय हस्तांतरणाचे नियम कलम ३० क अन्वये परवान्यांनाही लागू होतात. त्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि मिळालेला हक्क एक वर्षभर वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटलेले नसल्यास, तो संपला असे मानले जाते. एस्क्रोतला हक्क तर वर्षानुवर्षे न वापरता पडून राहण्यासाठीच असतो. तेव्हा ‘हा हक्क न वापरल्याने संपणार नाही’ हे वाक्य करारात नसेल, तर ठेव सुटूनही कारखान्यापुढे कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून बदल करून घेण्याची आणि फर्मच्या माणसांना नोकरीवर घेण्याची मुभाही त्याच परवान्यात लिहावी लागते. तो एकटा जाणकार प्रोग्रॅमर कारखान्याकडे आला, तर महिन्याभराचे काम आठवड्यात होते.

सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या क्लाउड खात्यावर चालत असेल तर कोडची ठेव अपुरी पडते. खात्याचे भाडे थकले की सर्व्हर बंद होतो आणि ऊसनोंदीचा डेटाही त्यातच अडकतो. तिथे खात्याचा ताबा घेण्याची सोय, भाडे थेट भरण्याचा हक्क आणि डेटाची रोजची प्रत कारखान्याच्या स्वतःच्या जागेत, अशी तिहेरी तजवीज लागते. त्या प्रतीवरून डेटा पूर्ववत उभा करून पाहण्याची चाचणी मोळी टाकण्याच्या आधी घ्यावी लागते.