घोळणा फुटणे (लहान मुलांतील)

नाकातून अचानक रक्त येऊ लागणे याला मराठीत घोळणा फुटणे म्हणतात. काही भागांत घुळणा किंवा घोणा फुटणे असेही म्हणतात. ही नोंद मुख्यतः दोन ते चार वर्षांच्या मुलांविषयी आहे. या वयात मूल नुकतेच बोलू लागलेले असते, पण नाक शिंकरायचे किंवा तोंडाने श्वास घ्यायचा हे सांगून त्याला जमत नाही. त्यामुळे रक्त थांबवण्याचे सगळे काम मांडीवर घेणाऱ्या मोठ्या माणसाला करावे लागते. दोन वर्षांखालील मुलांत घोळणा क्वचित फुटतो. तसा तो फुटला तर रक्त थांबले तरी मुलाला डॉक्टरांना दाखवावे, आणि मूल वर्षाच्या आतले असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

रक्त कोठून येते. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर, नाकाच्या तोंडापासून अगदी जवळ, चार-पाच धमन्यांच्या बारीक फांद्या एकत्र येऊन त्यांचे जाळे होते. अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स लॉरेन्स लिटल यांनी १८७९ मध्ये आणि जर्मन वैद्य विल्हेल्म कीसेलबाख यांनी १८८४ मध्ये या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला लिटलचा भाग किंवा कीसेलबाखचे जाळे म्हणतात. मुलांचा घोळणा दहापैकी नऊ वेळा, किंबहुना त्याहूनही अधिक वेळा, येथूनच फुटतो. इथली त्वचा पातळ असते आणि तिच्याखाली लगेच कूर्चा असल्यामुळे रक्तवाहिन्यांना मऊ आधार नसतो. आत येणारी हवा प्रथम याच जागेवर आदळते आणि मुलाचे बोटही नेमके इथेच पोहोचते. मात्र ही जागा पुढे असल्यामुळे बाहेरून चिमटीत धरता येते, आणि घरच्या घरी करायचा उपचार त्यावरच उभा आहे.

कोरडी हवा आणि बोट. ही दोन कारणे बहुधा जोडीने येतात. कोरड्या हवेने नाकातला ओलसर थर सुकतो आणि पडद्यावर खपली धरते. खपली खाजते, मूल बोट घालते, खपली निघते आणि खालची रक्तवाहिनी उघडी पडते. रक्त थांबले की तिथे नवी खपली धरते. काही दिवसांनी तीही खाजते, आणि घोळणा पुन्हा फुटतो. आठवड्यात तीनदा रक्त आले म्हणजे तीन वेगळे आजार झाले, असे समजू नये. अनेकदा एकच जखम भरून येण्याआधी पुन्हापुन्हा उचकटली गेलेली असते. मूल झोपेतही नाक खाजवते, म्हणून पुष्कळदा रक्त प्रथम सकाळी उशीवर दिसते.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते. घोळणा फुटण्याला तिथे ‘उष्णता झाली’ म्हणतात. त्या दिवसांत घोळणे जास्त फुटतात हे निरीक्षण खरे आहे, पण दोष मुलाच्या अंगातल्या उष्णतेचा किंवा आंबे खाण्याचा नसून हवेच्या कोरडेपणाचा असतो. म्हणूनच पुणे-नाशिककडे थंडीतही हेच घडते, आणि दमट मुंबईत रात्रभर वातानुकूलन यंत्र चालू असलेल्या खोलीतही घडते, कारण ते यंत्र हवेतले पाणी काढून घेते. पाण्याचा कूलर हवेत ओलावा सोडतो. फक्त त्याच्या जाळ्या स्वच्छ असाव्यात आणि झोत मुलाच्या तोंडावर येऊ नये. सर्दी आणि धुळीची ॲलर्जी ही यानंतरची नेहमीची कारणे होत. सुजलेल्या त्वचेत रक्त जास्त असते आणि शिंका व सतत नाक पुसणे यांमुळे ती सोलवटते.

रक्त थांबवण्याची रीत. समजा, नागपुरात एप्रिलमधल्या एका पहाटे अडीच वर्षांची मुलगी रडत उठते. उशीवर तळहाताएवढा डाग आहे आणि उजव्या नाकपुडीतून रक्त येते आहे. आईने खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला बसून तिला मांडीवर घ्यावे. मुलीची पाठ आईच्या छातीला टेकलेली आणि तोंड पुढे असावे. आईने एका हाताने तिचे दोन्ही हात सैलसर कवेत धरावेत. मुलीची मान किंचित पुढे झुकवून हनुवटीखाली भांडे किंवा टॉवेल धरायला दुसऱ्या कुणाला सांगावे. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने नाकाचा खालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी दाबून दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद कराव्यात. रक्त एकाच नाकपुडीतून येत असले तरी दोन्ही दाबाव्यात, कारण पडद्यावर दाब तेव्हाच दोन्हीकडून नीट बसतो.

सर्वांत जास्त चूक जागेची होते. पुष्कळ जण चष्मा टेकतो तिथला हाडाचा भाग धरतात. हाड दबत नाही, त्यामुळे तिथे कितीही जोर लावला तरी रक्तवाहिनीवर त्याचा काही परिणाम होत नाही. बोटे हाडाखाली, नाक मऊ लागते तिथे हवीत. दाब पक्का असावा, पण मूल कळवळेल इतका नको. योग्य जागी धरले असेल तर नाकपुडीतून बाहेर येणारे रक्त लगेच थांबते. तरीही येत राहिले तर बोटे थोडी खाली घ्यावीत.

दुसरी चूक वेळेची. घड्याळ लावून दहा मिनिटे दाब तसाच ठेवावा आणि मधे एकदाही सोडून पाहू नये. रक्तातल्या बिंबिका जखमेवर गोळा होऊन गुठळी धरायला काही मिनिटे लागतात. दर मिनिटाला बोटे उचलली की कच्ची गुठळी सुटते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दहा मिनिटे रडत्या मुलाला धरून ठेवणे सोपे नाही. गाणे म्हणावे, गोष्ट सांगावी, एरवी मोबाइल देत नसलो तरी त्यावर बडबडगीते लावावीत. रडताना मूल तोंडानेच श्वास घेते, त्यामुळे नाक दाबल्याने गुदमरेल अशी भीती बाळगू नये. तोंडात आलेले रक्त भांड्यात थुंकू द्यावे. दहा मिनिटांनंतर बोटे हळूच काढावीत. रक्त येतच असेल तर आणखी दहा मिनिटे त्याच पद्धतीने दाबावे.

काय करू नये. मान मागे टाकणे किंवा मुलाला उताणे निजवणे हा आपल्याकडे सर्रास दिसणारा आणि मोडायलाच हवा असा उपाय आहे. त्याने रक्त थांबत नाही, ते फक्त घशाकडे वळते. गिळलेले रक्त पोटाला सोसत नाही आणि मूल ओकते. ओकताना पडलेल्या ताणाने नाक पुन्हा वाहू लागते, आणि काळपट उलटी पाहून घरातले घाबरतात. दुसऱ्या दिवशी शौचाचा रंग काळा दिसला तर तोही बहुतेक वेळा गिळलेल्या रक्तामुळेच असतो. कापसाचे बोळे कोंबू नयेत. ते काढताना गुठळीही निघते. कांदा हुंगवल्याने किंवा डोक्यावर पाणी ओतल्याने रक्त थांबल्यासारखे वाटते, कारण छोटे घोळणे काही वेळाने आपोआपही थांबतात. नाक दाबायची वेळ मात्र त्यात वाया जाते. दूर्वांचा रस, तूप किंवा तेल लहान मुलाच्या नाकात ओतू नये. तेलकट थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर तिथे सूज येऊ शकते. नाक मोकळे करणारी थेंबांची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या वयात वापरू नयेत.

रक्त किती गेले. टॉवेलवर पसरलेले रक्त आहे त्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसते. मुलाच्या शरीरात किलोमागे सुमारे ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे वरच्या उदाहरणातली मुलगी बारा किलोची असेल तर तिच्या अंगात नऊशे मिलिलिटरांहून थोडे अधिक रक्त आहे. नेहमीच्या घोळण्यात काही चमचे जाते आणि शरीर ते भरून काढते. तरीही प्रत्येक वेळी टॉवेलकडे न पाहता मुलाकडे पाहावे. मूल पांढरे पडले, घामेजले, सुस्तावले किंवा वारंवार घोट गिळू लागले तर वाट पाहू नये. वारंवार गिळणे म्हणजे रक्त मागच्या बाजूने चालूच असल्याची खूण असू शकते.

नंतरचे दोन आठवडे. खपलीची साखळी तोडण्याचे खरे काम रक्त थांबल्यावर सुरू होते. पहिल्या दिवशी नाक शिंकरायला लावू नये, आत चिकटलेले रक्त खणून काढू नये, कडकडीत पाण्याने आंघोळ घालू नये. दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या दुकानात मिळणारे सलाईनचे थेंब दिवसातून दोन-तीनदा घालावेत. सकाळी आणि झोपताना पेट्रोलियम जेलीचा अगदी थोडा लेप नाकपुडीच्या तोंडाशी आतल्या कडेला लावून बाहेरून नाक हलके चोळावे, म्हणजे तो पडद्यावर पसरतो. बोट किंवा कापसाची काडी आत खोल नेऊ नये. नखे कापून बोथट ठेवावीत. मुलाला बोट घातल्याबद्दल ओरडून फारसे साधत नाही. खपली मऊ राहिली की खाज जाते आणि बोटही आपोआप दूर राहते. हे दोन आठवडे नेमाने करावे, कारण चार दिवसांत रक्त दिसेनासे झाले तरी खालची त्वचा तेवढ्यात भरून आलेली नसते.

डॉक्टरांकडे केव्हा. नीट दाबूनही वीस मिनिटांत रक्त थांबले नाही, किंवा ते धार लागून येत असेल, तर तडक रुग्णालयात न्यावे आणि वाटेतही नाक दाबलेले ठेवावे. पडल्यावर किंवा मार लागल्यावर रक्त आले तर नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मऊ, लालसर फुगवटा आला आहे का ते पाहावे. तो पडद्यावरच्या त्वचेखाली साठलेल्या रक्ताचा असतो. ते एक-दोन दिवसांत काढले नाही तर पोषणाअभावी कूर्चा मरते आणि नाक बसते. डोक्याच्या मारानंतर रक्ताबरोबर पाण्यासारखा द्राव आला तर तीही तातडीची वेळ होय.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित शेंबूड येत असेल तर आत काही अडकले असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. शेंगदाणा, मणी, स्पंजाचा तुकडा यांना थोडी सवड असते, पण खेळण्यातली गोल चपटी बॅटरी असल्याचा नुसता संशय आला तरी त्याच घटकेला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. ती काही तासांतच पडदा जाळून त्याला भोक पाडू शकते.

न आपटता अंगावर उठणारे निळसर डाग, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, किंवा घरात कुणाला दात काढल्यावर अथवा बाळंतपणात फार रक्त गेल्याचा इतिहास असेल तर डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतात. बिंबिका कमी होण्याचे विकार आणि फॉन विलेब्रांड नावाचा आनुवंशिक आजार अशा तपासणीत सापडतात. पावसाळ्यात तापाबरोबर घोळणा फुटला तर डेंग्यूचा विचार करावा लागतो. अशा तापात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये; दोन्ही औषधे बिंबिकांचे काम मंदावतात. मलम आणि थेंबांनीही न थांबणाऱ्या, तपासणीत दुसरे काही न सापडणाऱ्या घोळण्यांत तज्ज्ञ ती रक्तवाहिनी सिल्व्हर नायट्रेट लावून बंद करतात. पडद्याची एकच बाजू एका वेळी डागली जाते, म्हणजे मधल्या कूर्चेला दुसरीकडून रक्त मिळत राहते. दोन-तीन वर्षांचे मूल त्या वेळी स्थिर बसत नाही, म्हणून या वयात हा उपाय क्वचितच करतात.