कुळाची जमीन आणि क्रियापदाचे रूप

कायद्याचे मराठी करताना अवघड पारिभाषिक शब्दांपेक्षा क्रियापदाच्या रूपानेच अधिक घोटाळा होतो, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या १९४८ च्या कूळ कायद्याला १९५६ साली झालेली दुरुस्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' तिनेच ठरविला.

दुरुस्तीच्या एकतिसाव्या कलमाने स्वतः कसण्यासाठी जमीन खरोखर हवी असलेल्या मालकास मुभा दिली. मूळ शब्द 'मे'. म्हणून 'मालकास कुळवहिवाट संपविता येईल' असे लिहावे. 'मालक संपवील' म्हटले की मुभेचे भाकीत होते. पुढच्याच पोटकलमात 'शॅल' आहे. नोटीस लेखी असली पाहिजे, ती ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळावर बजावली पाहिजे, आणि ताब्याचा अर्ज ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे केला पाहिजे. 'मस्ट' येथे नाही; सक्तीचे काम 'शॅल'च करतो. येथे 'येईल' लिहिले, तर मुदत चुकविलेल्या मालकाचाही हक्क उरल्याचा भास होईल.

परंतु प्रत्येक 'शॅल'ला 'पाहिजे' लावून भागत नाही. बत्तिसावे कलम सांगते की, कृषक दिनी कुळाने जमीन खरेदी केली आहे 'असे मानण्यात येईल'. ही आज्ञा नव्हे, कायद्याने मानलेली स्थिती आहे. 'कुळाने खरेदी केली पाहिजे' असे लिहिले, तर खरेदीखत होईपर्यंत कुळाची मालकी लोंबकळत राहील. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली श्रीराम राम नारायण मेढी खटल्यात ही दुरुस्ती वैध ठरविली, आणि मालकी त्याच दिवशी कुळाकडे जाते असा अर्थ लावला.

आता परंतुक पाहू. अज्ञान मालकास सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत नोटीस देता येते. परंतुक म्हणते, तो एकत्र कुटुंबात असून त्यात सवलतीबाहेरचा एक तरी माणूस असेल, तर ही सवलत नाही. मात्र ३१ मार्च १९५८ पूर्वी त्याचा हिस्सा प्रत्यक्ष वाटून वेगळा झाला आणि मामलेदाराची तशी खात्री पटली, तर आहे. म्हणजे सज्ञान काकाबरोबर एकत्र राहणाऱ्या अज्ञान पुतण्यास सवलत नाही. वेळेत वाटणी झाल्यास आहे. इंग्रजीत 'अनलेस' शेवटी येतो. मराठीत तो भाग उचलून आरंभी ठेवला, की तो 'सवलत नाही' याऐवजी 'माणूस असेल' याला चिकटतो. म्हणून नियम, अपवाद आणि अपवादाचा अपवाद, अशी तीन वाक्ये त्याच क्रमाने करावीत.

स्पष्टीकरणाची जात निराळी. 'स्वतः कसणे' याखालील स्पष्टीकरण, विधवेने गडी किंवा कुळाकरवी जमीन कसली तरी ती स्वतःच कसते असे मानते. परंतुक हक्क छाटते. स्पष्टीकरण शब्दाचा अर्थ ठरविते. त्याचा आरंभ 'परंतु'ने केला, तर विधवेस मिळालेली व्याख्या तिच्याविरुद्धची अट वाटू लागते.

भाषांतर तपासताना प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचारावे: हे घडले नाही, तर जमीन कोणाची?